ईआरपी अपग्रेडसाठी शनिवार-रविवार बंद: सगळ्या स्टाफला जाणाऱ्या मेलमध्ये नेमकं काय लिहावं

प्रश्न: आमचा कारखाना महापे एमआयडीसीत आणि गोदाम तळोज्याला. अपग्रेडसाठी शुक्रवार २१ ऑगस्टच्या रात्री ८ पासून सोमवार २४ च्या सकाळी ७ पर्यंत ईआरपी बंद ठेवायचं ठरलंय. शनिवारी गाड्या मात्र निघणार आहेत. सगळ्या स्टाफला मेल मी पाठवायचाय. गेल्या वेळी मेल जाऊनही सोमवारी दुपारपर्यंत सगळं अडकलं होतं. आधी काय करा आणि नंतर काय करा, हे कसं लिहू?

उत्तर:

रेल्वेची रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना डोळ्यांसमोर आणा. कोणती लाइन, कुठून कुठपर्यंत, किती ते किती, आणि तोवर प्रवाशांनी कसं जायचं, एवढंच तिच्यात असतं. ओव्हरहेड वायरचं काय काम आहे हे वाचायला कोणी थांबत नाही. तुमचा मेल असाच हवा. नवीन आवृत्तीत काय काय सुधारणा आहेत, याचा परिच्छेद या मेलमधून पूर्ण काढून टाका.

अशा मेलमध्ये हमखास एक वाक्य असतं: ‘सर्वांनी आपापली प्रलंबित कामे वेळेत पूर्ण करावीत.’ सोमवारची निम्मी अडचण या वाक्यातून येते. स्टोअरच्या माणसाला ‘प्रलंबित’ म्हणजे गेटवर आलेला पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, न झालेला माल वाटत नाही. त्याच्या लेखी माल उतरला, काम झालं. साहेबांच्या लेखी त्यांच्याकडे मंजुरीला थांबलेली पीओ हे प्रलंबित काम नसतं, ते सोमवारी बघायचं काम असतं. म्हणून प्रत्येक विभागाला त्याच्याच शब्दांत, ‘हे, एवढ्या वाजेपर्यंत’ असं सांगावं लागतं.

लिहायला बसण्याआधी आयटीकडून एक हिशेब मागून घ्या, कारण मेलमधली प्रत्येक वेळ त्यावर उभी आहे. शुक्रवार रात्री ८ ते सोमवार सकाळी ७ म्हणजे ५९ तास. समजा, सराव केला तेव्हा बॅकअपला ४ तास, अपग्रेडला २२ आणि तांत्रिक तपासणीला ४ लागले. म्हणजे रविवारी पहाटे २ ला आयटीचं काम संपतं. सकाळी १० ते दुपारी ४ विभागातली माणसं तपासणी करतील. काही बिघडलं तर जुनी सिस्टिम परत उभी करायला ९ तास आणि ती तपासायला ३ तास धरले, तर रविवारी दुपारी ४ ला ‘पुढे जायचं की मागे फिरायचं’ हा निर्णय व्हायलाच हवा. तेव्हा मागे फिरलात तर सोमवारी पहाटे ४ ला जुनी सिस्टिम तयार असते आणि हाताशी ३ तास उरतात. निर्णय रात्री ९ वर गेला, तर सोमवारी ७ ची वेळ तुम्ही पाळू शकत नाही. मेलमध्ये हा हिशेब लिहायचा नाही, पण ‘रविवारी संध्याकाळी ५ वाजता पुढचा निरोप येईल’ हे वाक्य लिहायचं. ते वाक्य खरं ठरायला हा हिशेब लागतो.

बंदची वेळ एक नाही, दोन लिहा. रात्री ८ ला सिस्टिम बंद होणार असेल, तर लोकांसाठी शेवटची वेळ संध्याकाळी ६. मधले दोन तास अर्धवट राहिलेल्या नोंदी शोधायला आणि त्या त्या माणसाला फोन करायला लागतात. ८ हीच वेळ सांगितली, तर पावणेआठला वीस जण एकदम जीआरएन करत असतात आणि बॅकअप अर्धवट नोंदींसकट घेतला जातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी असलेले कारखानेही आहेत. तुमचं तसं असेल तर इथे शुक्रवार म्हटलेलं सगळं गुरुवारी सरकवा आणि शनिवार-रविवार पूर्ण कामाचे दिवस धरून कागदाची तयारी दुप्पट ठेवा. तारीख चांगली निवडली आहे: जीएसटीचं २० तारखेचं ३बी विवरणपत्र भरून झालेलं असतं आणि महिनाअखेर अजून लांब असते.

आता डिस्पॅच. सोमवारी दुपारपर्यंत सगळं अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, म्हणून याला जरा वेळ देतो.

वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या कंपनीला नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस करावंच लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा आहे. एरवी ईआरपीमधलं बटण दाबलं की आयआरएन, म्हणजे पोर्टलने त्या बिलाला दिलेला नंबर, आणि मालासोबत जाणारं ई-वे बिल दोन्ही येतात. त्यामुळे सरकारी पोर्टलवर थेट लॉगइन कसं करायचं हे डिस्पॅचमध्ये कोणी वर्षानुवर्षं केलेलं नसतं. ईआरपी ज्या लॉगइनने पोर्टलशी बोलतं ते वेगळं, आणि माणसाने ब्राउझरमधून आत जायचं लॉगइन वेगळं. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून सगळ्याच करदात्यांना पोर्टलवर पासवर्डनंतर ओटीपीही लागतो. तो नोंदणीकृत मोबाइलवर येतो. तो मोबाइल पूर्वीच्या अकाउंटंटचा असेल किंवा शनिवारी गावी गेलेल्या माणसाचा असेल, तर गाडी गेटवर उभी राहते. म्हणून निदान दहा दिवस आधी दोघांनी ewaybillgst.gov.in वर आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर एकदा लॉगइन करून बघायचं, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते पाहायचं, आणि त्या दोघांपैकी एक जण शनिवारी हजर राहील हे नाव लावून ठरवायचं.

शनिवारच्या गाड्यांचं बिल शुक्रवारीच करून ठेवा, असं सरसकट सांगू नका. समजा, शनिवारी सहा गाड्या जायच्या आहेत. चारांचे गाडी नंबर ट्रान्सपोर्टरने पक्के कळवलेत, दोन ‘बहुतेक येतील’ अशा आहेत. पक्क्या चार गाड्यांची बिलं शुक्रवारी दुपारी ४ नंतर करा, त्याआधी नको. कारण आयआरएन तयार झाल्यापासून २४ तासांतच पोर्टलवर रद्द करता येतो. शुक्रवारी संध्याकाळी ५ ला केलेला आयआरएन शनिवारी ५ पर्यंत रद्द होऊ शकतो. सकाळी ११ ला केलेला शनिवारी ११ नंतर अडकला, मग बहुतेक वेळा क्रेडिट नोट काढावी लागते. गाडी शिळफाट्याच्या कोंडीत अडकून रविवारी आली तर काही रद्द करायचं नाही, तेच बिल चालतं. माल निघण्याआधी किंवा निघताना बिल झालेलं असावं, एवढीच अट आहे. रद्द करायची वेळ येते ती ऑर्डरच मागे घेतली किंवा माल कमी भरला तर. तेव्हा आधी ई-वे बिल रद्द, मग आयआरएन. ई-वे बिल चालू असताना पोर्टल आयआरएन रद्द करू देत नाही. आणि रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही.

ई-वे बिलाचा भाग अ शुक्रवारी भरून ठेवावा, गाडी नंबरचा भाग ब शनिवारी गाडी लागल्यावर पोर्टलवर भरावा. मुदत भाग ब भरल्यापासून मोजली जाते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. शुक्रवारीच गाडी नंबर टाकलात, तर पुण्याला जाणाऱ्या गाडीची मुदत शनिवारी रात्री १२ ला संपते. शनिवारी टाकलात तर तिला रविवारची मध्यरात्र मिळते.

‘बहुतेक’ वाल्या दोन गाड्यांचं बिल करूच नका. आल्याच, तर अकाउंट्सच्या परवानगीने हाताची वेगळी सीरीज वापरा, उदाहरणार्थ MN/26-27/001. बिल नंबर १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा यायला नको. वेगळी सीरीज ठेवायला नियमाची हरकत नाही. पण सोमवारी यातून एक धोका उभा राहतो. तो मेलमध्ये जाड अक्षरात लिहा. हाताने केलेलं बिल सोमवारी ईआरपीत चढवताना त्याच नंबरने पुन्हा आयआरएन मागितला, तर पोर्टल 2150, म्हणजे डुप्लिकेट आयआरएन, असा एरर देतं. यात नुकसान काही नाही. नुकसान होतं ते ईआरपीने स्वतःचा नवीन नंबर दिला तर. मग नवीन आयआरएनही सहज मिळतो, कुठेच एरर येत नाही, आणि एकाच मालाची दोन बिलं जीएसटीआर-१ मध्ये जातात. कळतं ते ग्राहकाचा फोन आल्यावर. म्हणून त्या सीरीजसाठी आयआरएन आपोआप मागायची सोय आयटीकडून बंद करून घ्या आणि पोर्टलवरचा आयआरएन तिथे हाताने भरा. तसंच शनिवारी पोर्टलवर एखादं बिल रद्द केलं असेल, तर ईआरपीला ते माहीत नसतं. तिथे ते बिल जिवंतच दिसत राहतं. रद्द केलेल्या प्रत्येक बिलाचा नंबर वहीत लिहून सोमवारी पहिल्यांदा ईआरपीत रद्द करायचा.

स्टोअर आणि प्रॉडक्शनचं दुखणं वेगळं आहे. तिथे कागदाची कमी नसते, कागद चढवायचा क्रम चुकतो.

एक उदाहरण घ्या. शुक्रवारी संध्याकाळी ईआरपीत एका कच्च्या मालाचा साठा ५०० किलो आहे. शनिवारी सकाळी ११ ला १,२०० किलो आला, दुपारी ३ ला प्रॉडक्शनने त्यातला ८०० किलो उचलला. सोमवारी सकाळी प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने उत्साहाने आपली इश्यू स्लिप आधी चढवली. सिस्टिम म्हणते साठा ५०० च आहे, ८०० देता येत नाही. आता तो दोनपैकी एक करतो. स्टोअरची वाट बघतो, किंवा ‘काम तर पुढे जाऊ दे’ म्हणून जुन्या बॅचमधले ५०० दाखवून बाकीचं नंतर बघू म्हणतो. दुसरं केलं की बॅचचा माग तुटला. सहा महिन्यांनी ग्राहकाने तक्रार केली तर कोणत्या पुरवठादाराचा माल होता, हे कागदावर चुकीचं निघणार. क्रम पाळला असता तर ५०० अधिक १,२०० वजा ८०० म्हणजे ९०० किलो शिल्लक, आणि रॅकवर मोजलं तरी ९०० च. तीच स्लिप स्टोअरनेही चढवली आणि प्रॉडक्शननेही, तर शिल्लक १०० दिसते आणि खरेदीवाला विनाकारण नवीन ऑर्डर टाकतो.

म्हणून मेलमध्ये क्रम स्पष्ट लिहा: आधी आवक, मग प्रॉडक्शनला दिलेला माल, मग तयार माल, शेवटी जावक. एका विभागाने ‘झालं’ म्हटल्याशिवाय पुढच्याने सुरुवात करायची नाही. स्लिपा आधीच नंबर छापलेल्या, दोन प्रतींच्या असाव्यात. त्यावर तारीख, वेळ, आयटम कोड, बॅच, नग किंवा किलो, सही, आणि खाली एक मोकळी चौकट ‘ईआरपी नंबर’ अशी. नोंद झाली की तो नंबर त्या चौकटीत लिहायचा. चौकट भरलेली स्लिप पुन्हा कोणी चढवत नाही, आणि मधला नंबर गहाळ असला तर संध्याकाळी लगेच कळतं. पोस्टिंगची तारीख मालाची खरी तारीख हवी, शनिवारचा माल तर शनिवारची. ईआरपी सोमवारची तारीख आपोआप भरून देतं आणि घाईत ती तशीच राहते.

शुक्रवारी ६ नंतर स्टोअरने साठ्याची यादी बॅच आणि जागेसकट छापून घ्यावी. फक्त एक्सेल नको. शनिवारी ती यादी गोदामात उभं राहून बघायची असते आणि त्यावर पेनने वजाबाकी करायची असते. तळोज्याच्या गोदामाची प्रत तळोज्यालाच छापा.

महापेहून तळोज्याला निघालेला पण तिथे नोंद न झालेला माल मात्र शुक्रवारी ६ च्या आत उतरवून घ्या. वाटेतला माल ईआरपीत दोन्हीकडे नसतो, अपग्रेडनंतर तो शोधणं सगळ्यात किचकट. शुक्रवारी दुपारी ३ नंतर दोन जागांमध्ये माल हलवायचाच नाही, असं सांगितलं तरी चालेल.

मंजुऱ्यांबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अर्ध्या वाटेवर असलेली पीओ किंवा खर्चाचं बिल अपग्रेडनंतर बऱ्याचदा तिथेच अडकतं, कारण मंजुरीची साखळी नव्या आवृत्तीत नव्याने बसवलेली असते आणि जुन्या साखळीतला कागद तिला ओळखू येत नाही. बाहेरून ते ‘मंजुरीसाठी थांबलंय’ असंच दिसतं, पण कोणाच्याच यादीत नसतं. म्हणून साहेबांसाठी ओळ अशी लिहा: मंजूर करा किंवा परत पाठवा, मधे ठेवू नका. अर्धवट सेव्ह केलेल्या, पोस्ट न केलेल्या नोंदींचंही तेच: पूर्ण करा किंवा काढून टाका.

हे सगळं धरून मेल असा होईल:

> विषय: ईआरपी बंद – शुक्र. २१ ऑगस्ट संध्या. ६ ते सोम. २४ ऑगस्ट सकाळी ७ | तुमच्या विभागाने काय करायचं
>
> नमस्कार,
>
> शुक्रवार २१ ऑगस्टला संध्याकाळी ६ नंतर ईआरपीत कोणीही नवीन नोंद करू नये. रात्री ८ ला सिस्टिम बंद होईल आणि सोमवार २४ ऑगस्टला सकाळी ७ वाजता सुरू होईल. महापे, तळोजा आणि घरून काम करणारे, सगळ्यांना हे लागू आहे. मेल, इंटरनेट, फोन आणि हजेरीचं पंचिंग नेहमीप्रमाणे चालू राहील. पगाराच्या तारखेत बदल नाही.
>
> शुक्रवारी ६ च्या आत
>
> स्टोअर: गेटच्या आत आलेल्या सगळ्या मालाचा जीआरएन करा. महापे-तळोजा वाटेतला माल उतरवून नोंद करा. दुपारी ३ नंतर दोन जागांमध्ये माल हलवू नका. ६ वाजता साठ्याची यादी छापून सही करून ठेवा.
>
> डिस्पॅच: गाडी नंबर पक्का असलेल्या शनिवारच्या गाड्यांचीच बिलं दुपारी ४ ते ६ मध्ये करा. ई-वे बिलात गाडी नंबर शनिवारी गाडी लागल्यावर पोर्टलवर टाका. बाकीच्या गाड्यांसाठी अकाउंट्सला फोन करा.
>
> प्रॉडक्शन: दुसरी शिफ्ट लागेपर्यंतचं उत्पादन ५.३० पर्यंत चढवा. त्यानंतरचं स्लिपवर.
>
> खरेदी, अकाउंट्स: अर्धवट सेव्ह केलेल्या नोंदी पूर्ण करा किंवा काढून टाका. सोमवारी द्यायची पेमेंटं शुक्रवारी बँकेत चढवा.
>
> मंजुरी देणारे सर्व: तुमच्या यादीतलं प्रत्येक कागदपत्र मंजूर करा किंवा परत पाठवा. यादी शुक्रवारी ५ ला रिकामी हवी.
>
> बंद असताना
>
> प्रत्येक आवक, इश्यू, उत्पादन आणि जावक नंबर छापलेल्या स्लिपवर लिहा. स्लिपबुकं गुरुवारी स्टोअरमधून घ्या. पोर्टलवर रद्द केलेलं कोणतंही बिल डिस्पॅचच्या वहीत लिहा.
>
> रविवारी संध्याकाळी ५ वाजता विभागप्रमुखांना निरोप येईल: ठरल्याप्रमाणे सुरू, किंवा जुन्याच सिस्टिमवर सुरू. दोन्ही वेळी सोमवारी ७ ला काम करता येईल.
>
> सोमवारी
>
> ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, नेहमीच्याच बुकमार्कने आत जा, पान विचित्र दिसलं तर Ctrl+F5 दाबा. पासवर्ड तोच आहे. पासवर्ड बदलायला सांगणारी कोणतीही लिंक आम्ही पाठवणार नाही. अशी लिंक आली तर उघडू नका, आयटीला कळवा.
>
> स्लिपा या क्रमाने चढवा: आवक (७ ते ९), प्रॉडक्शनला दिलेला माल (९ ते १०), तयार माल (१० ते ११), जावक (११ नंतर). सोमवारी नव्याने निघणाऱ्या गाड्यांची बिलं ७ पासूनच होतील, मात्र शुक्रवारच्या यादीतल्या साठ्यामधूनच. नोंदीची तारीख मालाची खरी तारीख ठेवा. हाताने केलेल्या बिलांना ईआरपीतून पुन्हा आयआरएन घेऊ नका. मोठे रिपोर्ट दुपारी १ नंतर काढा.
>
> अडचण आली तर हेल्पडेस्कला फोन करा आणि हे सांगा: कोणती स्क्रीन, कोणता डॉक्युमेंट नंबर, किती वाजता, आणि एररचा पूर्ण फोटो. गाडी गेटवर उभी असेल तर तसं आधी सांगा, तुमचं काम पहिलं होईल.

खाली पाठवणाऱ्याचं नाव, हेल्पडेस्कचा एक्स्टेंशन आणि शनिवार-रविवारी उचलला जाणारा एक मोबाइल नंबर हवाच.

या मसुद्यात दोन ओळी बारीक दिसतात, पण त्या काढू नका. एक, पंचिंग आणि पगाराची. ‘सिस्टिम बंद’ वाचल्यावर शॉपफ्लोअरवरचा पहिला प्रश्न तोच असतो आणि उत्तर मेलमध्ये नसलं तर एचआरचा फोन दिवसभर वाजतो. मात्र लिहिण्याआधी खात्री करा की पंचिंग मशीन नोंदी स्वतःत साठवतं आणि सोमवारी ओढून घेता येतात. दुसरी, लिंकची ओळ. सगळ्या कंपनीला माहीत असतं की सोमवारी ईआरपीत काहीतरी बदललंय. ‘नवीन सिस्टिमसाठी पासवर्ड पक्का करा’ असा खोटा मेल त्याच सकाळी आला तर भले भले फसतात.

सोमवारी ११ नंतर जावक चढवायची म्हणून शुक्रवारचं बिल असलेल्या गाड्या तोवर थांबवायच्या नाहीत. ही वेळ फक्त शनिवार-रविवारच्या स्लिपांसाठी आहे. शुक्रवारच्या यादीतल्या साठ्यातून निघणाऱ्या गाडीला कोणाचीही वाट बघावी लागत नाही, आणि हे वाक्य मेलमध्ये नसलं की डिस्पॅच ११ पर्यंत हात बांधून बसतं. गेल्या वेळी तुमच्याकडे असंच काही झालं असण्याची शक्यता बरीच आहे.

हा मेल एकदाच पाठवून भागत नाही. पहिला दहा दिवस आधी, म्हणजे मंगळवार ११ ऑगस्टला, पूर्ण. दुसरा बुधवार १९ ला, तोच मजकूर, फक्त वर एक ओळ: ‘स्लिपबुकं उद्या घ्या.’ तिसरा शुक्रवारी दुपारी ३ ला, चार ओळींचा. सोमवारी सकाळी ७ ला ‘सुरू झालं’ एवढाच. प्रत्येक वेळी विषयाची ओळ तीच ठेवा, म्हणजे शोधला की सगळे एकाखाली एक सापडतात. वेळ बदलली तर मात्र विषयाच्या सुरुवातीलाच ‘वेळ बदलली’ लिहा. आत बदल करून जुन्याच विषयाने पाठवलेला मेल कोणी पुन्हा वाचत नाही.

कंपनीतल्या बऱ्याच लोकांना मेलच नसतो. गेटवरचा सिक्युरिटी, गोदामातले हमाल, कंत्राटी ऑपरेटर यांच्यासाठी ‘बंद असताना’ हा भाग मोठ्या अक्षरात छापून गेटवर, स्टोअरच्या खिडकीवर आणि पंचिंग मशीनजवळ लावा, आणि गुरुवार-शुक्रवारी शिफ्ट बदलताना सुपरवायझरने तो वाचून दाखवावा. ट्रान्सपोर्टरला वेगळा फोन हवा: शुक्रवारी दुपारी ३ पर्यंत गाडी नंबर दिला नाही तर शनिवारी गाडी थांबेल, हे त्याला आधी कळलं की नंबर येतात. रविवारी तपासणीला येणाऱ्या सात-आठ जणांना त्या रविवारचा मेगाब्लॉक बघून गाडीची सोय कळवा. ठाणे-वाशी मार्गावर ब्लॉक असला तर १० ची तपासणी साडेअकराला सुरू होते आणि ४ चा निर्णय तिथेच हातातून जातो.

त्या सात-आठ जणांना मात्र सगळ्यांचा मेल पुरत नाही. त्यांना वेगळा छोटा मेल पाठवा आणि त्यात शुक्रवारी ६ ला लिहून ठेवायचे आकडे द्या: पाच मोठ्या आयटमचा साठा, ग्राहकांकडून येणं असलेली एकूण रक्कम, पुरवठादारांना देणं असलेली एकूण रक्कम, शेवटचा बिल नंबर, शेवटचा जीआरएन नंबर, आणि उघड्या पीओंची संख्या. रविवारी नव्या सिस्टिममध्ये तेच आकडे काढून शेजारी लिहायचे. एका रुपयाचाही फरक असेल तर ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडू नये. शुक्रवारी ६ ते ८ मध्ये कोणी नोंद केली का ते आधी बघावं, बहुतेक फरक तिथेच सापडतो. मग प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामाचं एक बिल, एक जीआरएन, एक पीओ उघडून छापून बघावं. छापून बघणं सोडू नका: स्क्रीनवर बरोबर दिसणारं बिल कागदावर क्यूआर कोडशिवाय येतं किंवा बारकोडचं लेबल अर्धा इंच सरकतं, आणि हे सोमवारी गेटवर कळलं तर उशीर झालेला असतो.

खऱ्या सिस्टिममध्ये ‘टेस्ट’ नावाची पीओ किंवा बिल कोणी करू नये, हेही त्याच मेलमध्ये लिहा. बिलाचा नंबर एकदा जळला की सलग सीरीजमध्ये भोक राहतं आणि आयआरएनही गेला असेल तर २४ तासांत रद्द करावा लागतो. नोंद करून बघायचीच असेल तर शनिवार-रविवारच्या स्लिपांमधली एक खरी आवक घ्या. रविवारी दुपारी ती चढवा आणि स्लिपच्या चौकटीत ईआरपी नंबर लिहून ठेवा. पण त्याच दिवशी ४ ला मागे फिरायचं ठरलं, तर ती नोंद जुन्या सिस्टिममध्ये नसेल. तेव्हा तो नंबर खोडून स्लिप पुन्हा न चढवलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकायची.